डेंग्यूचा क्लेम ‘भरतीची गरज नव्हती’ म्हणून नाकारला. अपिलाच्या पत्रात वैद्यकीय मुद्दे कसे मांडावेत?

केवडा | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार. आईच्या क्लेमबद्दल मदत हवी आहे. आई ६३ वर्षांची, सांगलीला असते, अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला. ९ तारखेला रात्री ताप आला, ११ ला फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तर एनएस-१ पॉझिटिव्ह. १३ ला ताप उतरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो आणि त्याच दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं, उठून बसवेना. संध्याकाळी दवाखान्यात भरती केलं, १७ ला सकाळी सोडलं. बिल ७१,३५० रुपये. दवाखाना कॅशलेसच्या यादीत नव्हता, म्हणून पैसे भरून नंतर क्लेम टाकला.

काल नकाराचं पत्र आलं. मजकूर साधारण असा: “दाखल होतेवेळी रुग्णास ताप नव्हता. नाडी ९२, रक्तदाब ११०/७०, ऑक्सिजन ९८. प्लेटलेट चढवण्याची गरज पडली नाही. सलाईन व लक्षणांनुसार औषधे यापलीकडे सक्रिय उपचार नाहीत. बाह्यरुग्ण म्हणून उपचार शक्य होते. भरती मुख्यतः तपासणी व निरीक्षणासाठी असल्याने एक्सक्ल-०४ नुसार दावा नामंजूर.”

मी उत्तराचा कच्चा मसुदा केलाय. त्यात नऊ वर्षं हप्ता भरतोय, एकदाही क्लेम घेतलेला नाही, आई किती गळून गेली होती, असं सगळं लिहिलंय. दोन पानं झाली. पण वाचताना मलाच वाटतंय की त्यांच्या एकाही वाक्याला मी उत्तर दिलेलं नाही. हे पत्र कसं बांधावं?

सरळहिशोब | सोमवार, रात्री ९:४०

इतकं लिहायचं कशाला? चोवीस तासांपेक्षा जास्त भरती होती, डेंग्यू पॉझिटिव्ह आहे, प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या असणारच. या तीन ओळी लिहा, क्लेम द्यावाच लागतो. नाही दिला तर थेट ग्राहक मंच.

आंबेमोहर | सोमवार, रात्री १०:०५

आमच्याही बाबतीत अगदी असंच झालं. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पॉलिसी घेतल्यावर चौदाव्या महिन्यात केलं तर नाकारलं. डॉक्टरांचं पत्र जोडलं, दृष्टी किती कमी झाली होती तेही लिहिलं, तरी काही उपयोग नाही. या पत्रांनी काही होत नाही असा माझा अनुभव.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

मी एमबीबीएस आहे. चौदा वर्षं विमा कंपन्यांचे दावे हाताळणाऱ्या एका टीपीएमध्ये अशाच फायली तपासत होतो, आता निवृत्त आहे. टेबलाच्या त्या बाजूने सांगतो.

आंबेमोहर, तुमची गोष्ट वेगळी आहे. मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत प्रतीक्षा कालावधी असतो आणि तो कराराचा भाग आहे. ऑपरेशन गरजेचं होतं हे तुम्ही शंभर टक्के सिद्ध केलंत तरी तारीख बदलत नाही. केवडा यांच्या पत्रात मात्र भरतीच्या गरजेवरच बोट ठेवलंय, त्यामुळे इथे वैद्यकीय मुद्दे हेच हत्यार आहे.

सरळहिशोब, चोवीस तास ही भरतीची किमान अट आहे. ती पुरी झाली म्हणून भरती गरजेची होती असं ठरत नाही. आणि प्लेटलेटचा आकडा हा तर सर्वात घसरडा मुद्दा. ‘लाखाच्या खाली’ म्हणून भरती झालेल्या शेकडो फायली मी पाहिल्यात. त्यातल्या कित्येक रुग्णांना खरंच घरी पाणी पाजून बरं करता आलं असतं. तपासणारा डॉक्टर ते ओळखतो.

केवडा, पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ याची व्याख्या काढा. ती विमा नियामकाने ठरवून दिलेली असल्याने सगळ्या कंपन्यांत जवळपास सारखी असते. तिच्यात चार गोष्टी आहेत. उपचार त्या आजारासाठी लागणारा असावा. सुरक्षित आणि पुरेशा काळजीला जेवढं लागतं त्यापेक्षा तो जास्त नसावा, म्हणजे दिवस, तीव्रता, आवाका सगळ्यातच. तो डॉक्टरने लिहून दिलेला असावा. आणि वैद्यक क्षेत्रात सर्वमान्य असलेल्या पद्धतीला धरून असावा. तुमचं पत्र या चार खुंट्यांवर टांगायचं. नऊ वर्षांचा हप्ता यातल्या एकाही खुंटीवर बसत नाही, म्हणून तो काढा.

मग एक्सक्ल-०४ चे शब्द शब्दशः वाचा. ‘केवळ’ निदान आणि मूल्यमापनासाठी झालेली भरती वगळली आहे. तुमच्या आईचं निदान भरतीच्या दोन दिवस आधीच झालेलं होतं. हा मुद्दा दोन ओळींत संपतो, पण पत्रात तो हवाच.

आता खरा मुद्दा. ‘दाखल होताना ताप नव्हता’ हे त्यांनी तुमच्या विरोधात लिहिलंय. डेंग्यूत ते उलटं आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपायला लागतो. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याच्या लक्षणांची यादी आहे: पोटदुखी, सतत उलट्या, अंगात पाणी साठणं, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, यकृत वाढणं, आणि प्लेटलेट झपाट्याने घसरत असताना हिमॅटोक्रिट म्हणजेच पीसीव्ही, रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढणं. यातलं काहीही असलं की रुग्ण ‘ब’ गटात, म्हणजे दवाखान्यात. शिवाय मधुमेह असेल तर धोक्याचं लक्षण नसलं तरीही ‘ब’ गटच. नाडी आणि रक्तदाब बिघडले की तो ‘क’ गट, तातडीचा. म्हणजे व्हायटल्स ठीक असतानाच ‘ब’ गटातल्या रुग्णाला भरती करायचं असतं. पत्रातलं “नाडी ९२, रक्तदाब ११०/७०” हे मान्य करा, त्यावर वाद घालू नका.

हे सगळं तुमच्या कागदांत दिसायला हवं. डिस्चार्ज कार्डावर काय आहे? आणि इनडोअर केस पेपर मिळाले का?

केवडा | मंगळवार, दुपारी १:२०

तुम्ही विचारलंत म्हणून आता कार्ड नीट वाचलं आणि धस्स झालं. ‘डेंग्यू ताप, मधुमेह. रुग्णास निरीक्षणासाठी दाखल केले. उपचारांना प्रतिसाद चांगला. व्हायटल्स स्थिर.’ एवढंच. उलट्यांचा उल्लेखही नाही!

केस पेपर आमच्याकडे नाहीत. दवाखान्यात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, “ताई, कार्ड बदलून देतो, सिव्हिअर डेंग्यू लिहितो, मग अडचण येणार नाही.”

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

कृपा करून तसं कार्ड घेऊ नका. पहिलं कार्ड कंपनीच्या फायलीत आहे. त्याच तारखेचं दुसरं कार्ड वेगळ्या निदानासह आलं की फाईल फसवणुकीच्या शंकेकडे जाते आणि मग खरं असलेलंही कोणी मानत नाही. शिवाय सिव्हिअर डेंग्यू नव्हताच.

दोन गोष्टी मागा. पहिली, इनडोअर केस पेपरची पूर्ण नक्कल: दाखल करतानाची नोंद, रोजच्या डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, सगळे लॅब रिपोर्ट. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. दुसरी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं आजच्या तारखेचं स्पष्टीकरणपत्र. त्यात मूळ कार्डाचा उल्लेख असावा आणि भरतीचा निर्णय कशावरून घेतला हे केस पेपरातल्या नोंदींच्या आधारे लिहिलेलं असावं. नवीन तारखेचं स्पष्टीकरण चालतं. जुन्या तारखेचं नवीन कार्ड चालत नाही.

केवडा | शुक्रवार, संध्याकाळी ६:५०

कागद मिळाले, ४६ पानं. काही अक्षर लागत नाही. जे कळलं ते लिहिते.

११ तारखेला बाहेरच्या लॅबमध्ये पीसीव्ही ३६.२, प्लेटलेट १,६४,०००. १३ ला संध्याकाळी सहाला दवाखान्यात पीसीव्ही ४२.८, प्लेटलेट ८८,०००. रात्री बाराला पीसीव्ही ४१.९, १४ ला सकाळी सहाला ४०.१. प्लेटलेट १४ ला ५४,०००, १५ ला ४१,०००, १६ ला ५८,०००, १७ ला ९६,०००. १४ ला सोनोग्राफी: पित्ताशयाच्या भिंतीला सूज, पोटात थोडं पाणी. साखर दाखल होताना २८६. मेटफॉर्मिन बंद करून इन्सुलिन दिलंय.

दाखल करतानाच्या नोंदीत हाताने लिहिलंय: “सकाळपासून ४ उलट्या, तोंडी काही टिकत नाही, पोटाच्या वरच्या भागात दाबल्यावर दुखते.” म्हणजे हे सगळं तिथे होतं, फक्त कार्डावर आलं नाही.

शुश्रूषा | शुक्रवार, रात्री ८:१५

मी एकवीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते. नर्सिंग चार्ट शोधा, आडवा कागद असेल, तासांचे रकाने असतील. त्यात सलाईन किती वाजता किती गेलं आणि लघवी किती झाली हे दोन्ही असतं. आम्ही रात्री तीनला मापात लघवी मोजून तो आकडा भरतो आणि सकाळी कोणी तो कागद उघडूनही बघत नाही. तुमच्यासाठी तोच कागद सोन्याचा आहे. वजनही वर कोपऱ्यात लिहिलेलं असेल, ते सांगा.

केवडा | शुक्रवार, रात्री ९:३०

सापडला! वजन ५८ किलो. १३ ला संध्याकाळी ६ ते रात्री १२ लघवी १४० मिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ मध्ये ३१० मिली. सलाईन पहिल्या तासाला ३००, पुढच्या तासाला २००, मग तासाला १२०. नाडी-रक्तदाब रात्रभर तासातासाला. यातून काय निघतं?

शुश्रूषा | शुक्रवार, रात्री ९:५५

साधारण माप असं की किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हावी. ५८ किलोला सहा तासांत १७४ व्हायला हवी होती, तिथे १४० झाली. म्हणजे शरीरात पाणी कमी पडत होतं. आणि हे सलाईन नुसतं लावून सोडलेलं नाही, दर तासाला बघून कमी केलंय. घरी हे कोण करणार?

सरळहिशोब | शुक्रवार, रात्री १०:२०

पण मी हिशोब केला. ३६.२ वरून ४२.८ म्हणजे १८ टक्के वाढ. निकष २० टक्क्यांचा आहे असं वाचलंय. म्हणजे हा मुद्दा मांडला तर कंपनी तोच उलटवेल. त्यापेक्षा हिमॅटोक्रिट गाळलेलंच बरं.

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ७:१०

हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष नाही. २० टक्के हा डेंग्यू रक्तस्रावी तापाच्या जुन्या वर्गीकरणातला द्रवगळतीचा निकष आहे. धोक्याच्या लक्षणात टक्केवारी नाही. प्लेटलेट वेगाने घसरत असताना हिमॅटोक्रिट वाढतंय एवढंच तिथे पाहतात. दोन दिवसांत प्लेटलेट १,६४,००० वरून ८८,००० आणि पीसीव्ही ३६ वरून जवळपास ४३, हे त्यात चपखल बसतं. पत्रात १८ टक्के असंच लिहा. ‘जवळपास २०’ लिहिलंत तर तपासणारा गणित करेल आणि पुढच्या प्रत्येक आकड्यावर संशय घेईल.

एक अडचण मात्र खरी आहे. ११ चा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा, यंत्र वेगळं. तो आक्षेप येऊ शकतो. १६ तारखेचा पीसीव्ही काय आहे? बरं झाल्यावर तो खाली आला असेल तर तोच आईचा मूळ आकडा, आणि तो त्याच दवाखान्याच्या लॅबचा.

केवडा | शनिवार, सकाळी ८:००

१६ ला ३६.८!

कृष्णाकाठ | शनिवार, सकाळी ८:२०

मग झालं. त्याच लॅबमध्ये ४२.८ वरून ३६.८ वर आला. ३६.८ धरलं तर वाढ १६ टक्के भरते. दोन्ही आकडे द्या.

सोनोग्राफी जपून वापरा. ती १४ ची आहे, भरतीचा निर्णय १३ ला झाला. ‘पोटात पाणी होतं म्हणून दाखल केलं’ असं लिहिलं तर ते खोटं ठरतं. भरतीचं कारण १३ च्या संध्याकाळी डॉक्टरांना जे दिसत होतं तेवढंच. सोनोग्राफी ‘नंतर दुजोरा मिळाला’ म्हणून वेगळ्या मुद्द्यात टाका. प्लेटलेट ४१,००० पर्यंत उतरल्या हेही तसंच, नंतरचं.

केवडा | रविवार, दुपारी ४:४०

मसुदा असा झालाय. पाठवताना इंग्रजी करणार आहे. प्रत्येक मुद्द्याच्या वर त्यांचं वाक्य, खाली आमचं उत्तर आणि केस पेपरचं पान.

> विषय: दावा नामंजुरीविरुद्ध अपील. दाव्याचा व पॉलिसीचा क्रमांक वर दिला आहे. संपूर्ण दावा, रु. ७१,३५०, मंजूर करावा ही विनंती.
>
> मुद्दा १. ‘भरती मुख्यतः तपासणीसाठी.’ डेंग्यूचे निदान ११ सप्टेंबर रोजी, भरतीच्या दोन दिवस आधी झाले होते (जोडपत्र १). भरतीनंतरच्या तपासण्या त्याच आजाराच्या उपचाराचे प्रमाण ठरवण्यासाठी होत्या. त्यामुळे एक्सक्ल-०४ लागू होत नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘निरीक्षणासाठी’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जोडपत्र २ मध्ये स्पष्ट केला आहे.
>
> मुद्दा २. ‘दाखल होतेवेळी ताप नव्हता, व्हायटल्स स्थिर होत्या.’ हे आम्हाला मान्य आहे. आजाराचा तो पाचवा दिवस होता आणि ताप त्याच दिवशी उतरला होता. त्या वेळी पुढील लक्षणे नोंदवलेली आहेत: सकाळपासून ४ उलट्या व तोंडी काही न टिकणे (पान ३), पोटाच्या वरच्या भागात दुखणे (पान ३), ४८ तासांत प्लेटलेट १,६४,००० वरून ८८,००० व हिमॅटोक्रिट ३६.२ वरून ४२.८, म्हणजे १८ टक्के वाढ (पान ९). बरे झाल्यावर याच लॅबमधील हिमॅटोक्रिट ३६.८ आहे (पान ३१). त्यानुसार वाढ १६ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या सूचनांनुसार ही धोक्याची लक्षणे असून असा रुग्ण रुग्णालयात ठेवावा असे त्यात म्हटले आहे. रुग्णास मधुमेह आहे, हे स्वतंत्रपणेही भरतीचे कारण आहे.
>
> मुद्दा ३. ‘सक्रिय उपचार नाहीत, प्लेटलेट दिल्या नाहीत.’ शिरेतून द्रव तासाला ३००, २००, १२० मिली असे वजन व प्रतिसाद पाहून कमी करत दिले (पान १२). पहिल्या सहा तासांत लघवी १४० मिली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी सहा तासांत ३१० झाली (पाने १२, १४). हिमॅटोक्रिट दर सहा तासांनी पाहिले. तोंडाने काही टिकत नसल्याने मधुमेहाची गोळी थांबवून इन्सुलिन दिले (पान १७). रक्तस्राव नसताना व आकडा ४१,००० च्या खाली गेलेला नसताना प्लेटलेट न देणे हे योग्य उपचाराचे लक्षण आहे.
>
> मुद्दा ४. ‘बाह्यरुग्ण म्हणून शक्य होते.’ ताशी बदलणारे सलाईन, तासातासाला रक्तदाब व सहा तासांनी रक्त तपासणे घरी शक्य नाही. १४ च्या सोनोग्राफीत पोटात द्रव आढळला, म्हणजे १३ रोजीच्या शंकेला दुजोरा मिळाला (पान २०).

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:००

फार चांगलं झालंय. मुद्दा ३ मध्ये प्लेटलेटबद्दल राष्ट्रीय डेंग्यू मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला द्या. रक्तस्राव नसेल तर १०,००० च्या खाली गेल्यावरच त्या देण्याचं तिथे म्हटलंय. सलाईनचाही हिशोब द्या. ३०० भागिले ५८ म्हणजे किलोमागे तासाला ५ मिलीच्या वर, आणि सूचनांत सुरुवात ५ ते ७ अशीच आहे. पुढचे दोन टप्पेही ३ ते ५ आणि २ ते ३ यात बसतात. डॉक्टरांनी सूचनेबरहुकूम केलंय, ते त्यांच्या श्रेयाचं आहे.

शेवटी दोन प्रश्न विचारा. दावा नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीने कोणत्या तारखेला मंजूर केला? नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाने ती मंजुरी सक्तीची केली आहे. आणि फाईल कोणत्या पात्रतेच्या डॉक्टरने पाहिली?

एक कच्चा दुवा राहतोच. सलाईन कधी बंद झालं? १६ ला सकाळी बंद झालं असेल तर १६ ची रात्र कापतील. व्याख्येतली दुसरी खुंटी, ‘गरजेपेक्षा जास्त दिवस नाही’. मी तिथे असतो तर कदाचित कापली असती.

शुश्रूषा | रविवार, संध्याकाळी ७:४५

मला पटत नाही. १५ ला ४१,००० वर गेलेली ६३ वर्षांची मधुमेही बाई, सलाईन काढल्यावर पाणी पोटात टिकतंय का, इन्सुलिनवरून परत गोळीवर आल्यावर साखर कशी राहते, हे एक रात्र बघायचं नाही? सलाईनशिवाय पीसीव्ही स्थिर राहतो हेही सोडण्याआधी पाहतातच.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:१०

तुमचं म्हणणं वॉर्डातलं आहे आणि ते बरोबरही असेल. पण ते १६ तारखेच्या नोंदीत लिहिलेलं दिसलं पाहिजे. केवडा, त्या दिवशी डॉक्टरांनी काय लिहिलंय?

केवडा | रविवार, रात्री ८:३०

“सलाईन बंद, मऊ आहार, उद्या सीबीसी बघून डिस्चार्ज.” एवढंच. साखरेचा तक्ता मात्र रात्रभराचा आहे, तो पाचवा मुद्दा म्हणून जोडते.

आंबेमोहर | रविवार, रात्री ९:००

माझा गैरसमज झाला होता, आता फरक कळला. हे पाठवायचं कुठे? थेट विमा लोकपालांकडे गेलं तर वेळ नाही का वाचणार?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:२५

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेच, ईमेलने. तक्रार क्रमांक घ्यायचा. बिमा भरोसा पोर्टलवरही नोंद करता येते. त्यांनी नाकारलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की मग लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकतात. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. आणि सरळहिशोब, आधीच ग्राहक आयोगात केस टाकली तर लोकपाल ते प्रकरण घेत नाहीत, म्हणून क्रम महत्त्वाचा.

केवडा | पुढच्या गुरुवारी, सकाळी ११:३०

मंगळवारी पाठवलं. पाच मुद्दे, सहा जोडपत्रं, डॉक्टरांचं आजच्या महिन्यातल्या तारखेचं स्पष्टीकरण. केस पेपरवर मी प्रत्येक पानाला खालच्या कोपऱ्यात पेनाने आकडा घातला, म्हणजे पत्रातलं पान आणि त्यांच्या हातातलं पान एकच राहील. आज उत्तर आलं: फाईल पुन्हा वैद्यकीय चमूकडे दिली आहे, आणि ११ तारखेच्या बाहेरच्या लॅबच्या रिपोर्टची मूळ प्रत हवी आहे.

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १२:१०

मूळ प्रत मागितली म्हणजे मुद्दा २ वाचला आहे. रंगीत झेरॉक्स स्वतःकडे ठेवून मूळ प्रत स्पीड पोस्टाने द्या. १६ च्या रात्रीबद्दल काय म्हणतात ते इथे जरूर कळवा.